प्लीज रिव्हर्ट

आमच्या टीममध्ये पुण्यात आम्ही चौघं, शिकागोत एक साहेब आणि लंडनमध्ये मॅनेजर बाई. सगळ्यांची कामाची भाषा इंग्रजी, आणि घोळ तिथंच आहे. जपानी असती तर आपल्याला कळत नाहीये, एवढं तरी कळलं असतं.

एका शुक्रवारी संध्याकाळी मी शिकागोला मेल टाकला. पेमेंटच्या पानाचा नवा कोड चढवलाय, बघून घ्या आणि 'प्लीज रिव्हर्ट'. आपल्याकडे रिव्हर्ट म्हणजे उत्तर द्या. सोसायटीच्या नोटिशीपासून बँकेच्या पत्रापर्यंत सगळे रिव्हर्टच मागतात. तिकडे मात्र रिव्हर्ट म्हणजे होतं तसं करून ठेवा. त्यात आमच्या धंद्यात त्याच नावाची कमांड आहे, `git revert`. चढवलेला बदल उलटा फिरवते. शिकागोत तेव्हा सकाळ होती, साहेब ताजेतवाने होते. त्यांनी इमानदारीत कमांड मारली. बाकीचा कोड माझ्या बदलावर बेतलेला, त्यामुळे पेमेंटचं पान बंद पडलं आणि ते निस्तरण्यात साहेबांची शुक्रवारची संध्याकाळ गेली. आम्ही इकडे गाढ झोपलेलो.

शनिवारी सकाळी चहाबरोबर मेल उघडला. "ग्रेट. एग्झॅक्टली व्हॉट आय नीडेड ऑन अ फ्रायडे नाइट." मला भरून आलं. दोन वर्षांत या माणसानं कधी 'ग्रेट' म्हटलं नव्हतं. मी "यू आर मोस्ट वेलकम" असं उत्तर धाडलं, आणि अप्रेझल जवळ आलेलं असल्यामुळे तो मेल 'क्लायंट-साइड अ‍ॅप्रिसिएशन' असा मथळा देऊन लंडनला पुढे पाठवला. सोमवारी बाईंचं उत्तर आलं: माझा आधीचा रिपोर्ट 'क्वाइट गुड' होता आणि हा मेल पुढे पाठवणं 'व्हेरी ब्रेव्ह' होतं.

येताना पेढे घेऊन आलो.

आईनं पेढा हातात घेतला, तोंडात टाकला नाही. "काय झालं ते आधी सांग." सांगितलं. आईचा जन्म सदाशिव पेठेतला, कोडचा आणि तिचा संबंध नाही. "अरे, तू शुक्रवारी रात्री त्याचं काम वाढवलंस आणि तो 'ग्रेट' म्हणतो? टोमणा आहे तो. घडलं काय आणि कौतुक कसलं, दोन्ही शेजारी ठेवून बघत जा."

दुपारी एक ते चार घंटी वाजवू नये अशा पाट्यांखाली वाढलेला मी, आणि मला टोमणा ओळखता येऊ नये! पण मी टोमणे आयुष्यभर कानांनी ऐकलेत. "वा, लवकर आलात" यातला 'वा' किती लांबवला त्यावर सगळं असतं. मेलमध्ये 'वा' लांबत नाही.

लंडनच्या मेलला मात्र आईची परीक्षा लागू पडेना. तिथं कौतुक आणि घटना यांत तफावत दिसतच नव्हती. बऱ्याच खटपटीनंतर उलगडलं की अमेरिकन माणसाचा 'क्वाइट गुड' म्हणजे बऱ्यापैकी झकास, आणि इंग्रजाचा बहुतेक वेळा 'ठीक आहे, चालवून घेऊ'. इंग्रज बोलताना 'क्वाइट'वर जोर देतो आणि 'गुड'ची हवा काढतो. तो जोर मेलमध्ये उमटत नाही. 'ब्रेव्ह'चा अर्थ मी आईला सांगितला नाही. आपल्याकडे "धाडस आहे हो तुमचं" म्हणतात, तेच ते.

पुढे वाचनात आलं, की क्रूगर आणि एप्ली हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली नेमकं हेच तपासून छापलं होतं. उपरोधाची आणि सरळ वाक्यं काहींनी मेलवर पाठवली, काहींनी बोलून दाखवली. पाठवणाऱ्यांना वाटलं, शंभरातल्या ७८ वेळा समोरच्याला बरोबर कळेल. ऐकणाऱ्यांना ७३ वेळा कळलं. मेल वाचणाऱ्यांना ५६ वेळा. नाणं उडवून ठरवलं तरी पन्नास येतातच.

कोडचं नुकसान झालं नव्हतं. `git revert` जुनं काही पुसत नाही, उलट्या बदलाची नवी नोंद करते. म्हणून त्या रिव्हर्टचंच रिव्हर्ट केलं आणि सगळं परत आलं. 'यू आर मोस्ट वेलकम'ला तशी सोय नाही.

आता मी रिव्हर्ट हा शब्द टाकून दिलाय. "मंगळवारपर्यंत उत्तर द्या" असं शाळकरी इंग्रजी लिहितो. परवा साहेबांचं उत्तर आलं: "शुअर, एनीथिंग फॉर यू :-)". हे चिन्ह स्कॉट फालमन या संगणकशास्त्रज्ञानं १९८२ साली सुचवलं ते याचसाठी, विनोद विनोद म्हणून कळावा म्हणून. तरी खात्रीसाठी फोन आईपुढे धरला. तिनं चष्मा लावला.

"हे शेवटी टिंबं-रेघ काय आहे?"

"हसतोय तो, आई."

"हसतोय?" आईनं फोन परत दिला. "मग नक्की चिडलाय."