नेलपॉलिशने दुर्बीण सुधारत नाही

“लेन्सवरचं कोटिंग जितकं जाड, तितकी चमक कमी. जुन्या दुर्बिणीवर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात मारा, कंपनीवालेही तेच करतात. जांभळी झाक दिसली तर कोटिंग नकली. आणि कोणतंही कोटिंग घासलं की जातंच.”

हा फॉरवर्ड डिचोलीच्या माझ्या मामांपर्यंत पोचला. मये तलावावर पहाटे पक्षी बघायला जाणारा माणूस. त्यांनी खरंच दुर्बिणीच्या पुढच्या काचेवर नेलपॉलिश लावलं. आता पाणकावळ्याच्या कडा पुसट दिसतात.

जाडीचंच आधी बघू, कारण नुकसान तिथेच झालं. साध्या कोटिंगमध्ये काचेवर मॅग्नेशियम फ्लोराइडचा थर असतो, त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश त्यात किती मंदावतो याचं माप, 1.38. प्रकाशाचा थोडा भाग थराच्या वरच्या पृष्ठावरून परततो, थोडा खालून. खालून येणाऱ्या लाटेची ये-जा अर्ध्या तरंगलांबीइतकी झाली, तर दोन्ही लाटा एकमेकींना मारतात. म्हणून जाडी थरातल्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढी ठेवतात. हिरव्या 550 नॅनोमीटरसाठी 550 भागिले (4 × 1.38), म्हणजे सुमारे 100 नॅनोमीटर. हाच थर दुप्पट, 200 चा केला, तर ये-जा पूर्ण एका तरंगलांबीची होते आणि परावर्तन बिनकोटिंगच्या काचेइतकंच, 4.3 टक्के होतं. थर घातला काय, न घातला काय! नेलपॉलिश तर याच्या शेकडो पट जाड, शिवाय ब्रशच्या रेषांनी खडबडीत. त्याचा अपवर्तनांकही काचेच्या जवळपास, त्यामुळे वरून परतणारा प्रकाश जवळजवळ तेवढाच राहतो.

नुसती जाडी साधूनही भागत नाही, दोन्ही लाटा सारख्या जोराच्या हव्यात. त्यासाठी थराचा अपवर्तनांक काचेच्या अपवर्तनांकाचं वर्गमूळ असावा लागतो. 1.52 च्या काचेला 1.23 येतो, पण एवढा कमी आणि टिकाऊही असा घन पदार्थ हाताशी नाही. म्हणून 1.38 वर भागवतात आणि 1.3 टक्के परावर्तन उरतं. तेवढंही पुष्कळ आहे: काच-हवेची दहा पृष्ठं असलेल्या दुर्बिणीतून कोटिंगविना 65 टक्के प्रकाश पार होतो, कोटिंगसह 88. पहाटेच्या अंधुक उजेडात हा फरक डोळ्याला कळतो.

जांभळी झाक नकलीपणाची खूण नाही. थर हिरव्यासाठी मोजलेला असतो, म्हणून लाल आणि निळा प्रकाश जास्त परततो, आणि दोन्ही मिळून जांभळं दिसतं.

कोणतंही कोटिंग घासलं की जातंच असं नाही, पण घासल्याने ते जाऊ शकतं, हे मात्र मान्य करावं लागेल. जुनं मऊ कोटिंग वाळूच्या कणांनी खरवडतं, आणि आपल्याकडे किनाऱ्यावर वाळू उडते. आधी ब्लोअरने कण उडवा, मगच कापड लावा.

मामांना सांगितलंय, नेलपॉलिश नखाने खरवडू नका, रिमूव्हरही ओतू नका. काच वाचली तरी प्लास्टिक आणि कडेचा गोंद विरघळेल. दुर्बीण दुरुस्तीवाल्याकडे द्यायची.