आप्पांच्या पासबुकातले दरमहा ६९९ रुपये

जूनच्या मध्यावर कराडला गेले होते. आप्पांनी नुकतंच पासबुक छापून आणलं होतं आणि नेहमीप्रमाणे पेन्सिलीने खुणा करत बसले होते. एकदम म्हणाले, "अगं, हे सहाशे नव्व्याण्णव कशाचे गं? दर महिन्याच्या दहा तारखेला गेलेत." मार्च, एप्रिल, मे, जून. चार ओळी, चार खुणा. पेन्शनच्या खात्यातून २,७९६ रुपये गेले होते.

थोडं खोदल्यावर आठवलं. मार्चमध्ये गुडघ्यांसाठी व्यायामाचं एक अ‍ॅप घेतलं होतं. १ रुपयात ७ दिवस. यूपीआयने एक रुपया भरला, पिन टाकला. व्यायाम झेपेनात, म्हणून चौथ्या दिवशी अ‍ॅप काढून टाकलं. "काढून टाकलं की मी!" हे ते तीन वेळा म्हणाले. त्यांच्या लेखी व्यवहार तिथेच संपला होता.

इथेच बहुतेकांची गफलत होते, म्हणून सविस्तर लिहिते. अ‍ॅप फोनमधून काढलं की फक्त अ‍ॅप जातं. मागे दोन वेगळ्या गोष्टी शिल्लक राहतात. एक म्हणजे कंपनीकडची वर्गणी, म्हणजे सबस्क्रिप्शन. दुसरी म्हणजे आपल्या खात्यातून पैसे उचलायची आपण दिलेली परवानगी, तिला मॅन्डेट म्हणतात. एक रुपया भरताना आप्पांनी जो पिन टाकला, तो त्या रुपयासाठी तर होताच, पण या परवानगीसाठीही होता. पुढच्या कपातींना १५,००० रुपयांपर्यंत पुन्हा पिन लागत नाही, त्यामुळे फोन हातात न घेताही पैसे जात राहतात.

त्यांच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये प्रोफाइलखाली ऑटोपे उघडलं. तिथे ते मॅन्डेट होतं. मी आप्पांना चष्मा लावायला सांगून एकेक ओळ वाचून दाखवली. रक्कम: कमाल ५,००० रुपये. म्हणजे कंपनी आज ६९९ घेते, पण परवानगी ५,००० पर्यंतची. वारंवारता: As presented, म्हणजे कंपनी मागेल तेव्हा. शेवटची तारीख: ३ मार्च २०५५. आप्पांचं वय ७३ आहे. ते बराच वेळ त्या तारखेकडे बघत बसले. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं आणि रागही आला. एक रुपयाच्या आमिषापुढे तीस वर्षांची परवानगी ठेवायची आणि ती बारीक अक्षरात लिहायची, याला मी चलाखी म्हणणार नाही, ही फसवणूकच आहे असं माझं मत आहे.

कायद्याच्या अंगाने मात्र बाजू अवघड होती, तेही सांगते. पिन आप्पांनीच टाकला होता, त्यामुळे आधीच्या चार कपातींना बँक अनधिकृत व्यवहार मानणार नव्हती. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. त्यात कंपनीचं नाव, रक्कम आणि तारीख असते आणि नको असेल तर बाहेर पडायची सोय द्यावी लागते. आप्पांच्या फोनमध्ये ते मेसेज होते. दर ९ तारखेला एक. सगळे इंग्रजीत, रिचार्जच्या आणि कर्जाच्या जाहिरातींच्या गर्दीत. त्यांनी एकही उघडला नव्हता. खातं उघडताना बँक भाषा विचारते, मग पैसे उचलायची सूचना मराठीत का येऊ नये? माझी ही मागणी मनापासून आहे.

तर आम्ही काय केलं ते क्रमाने सांगते, कारण क्रमाला महत्त्व आहे.

आधी मॅन्डेटच्या तपशिलाचा स्क्रीनशॉट घेतला. त्यात UMN नावाचा लांबलचक क्रमांक असतो, अक्षरं-आकडे मिसळलेला आणि शेवटाकडे @ असलेला. तो त्या परवानगीचा एकमेव ओळखक्रमांक. रद्द केल्यावर काही अ‍ॅपमध्ये जुनं मॅन्डेट शोधत बसावं लागतं, म्हणून आधीच टिपून ठेवायचा. मग Cancel दाबून पिन टाकला. स्थिती Revoked अशी बदलली, त्याचाही स्क्रीनशॉट घेतला. यासाठी कंपनीची परवानगी लागत नाही, कुणाला फोन करावा लागत नाही. दिलेली परवानगी कधीही ऑनलाइन मागे घेता आली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे.

आप्पा म्हणाले, "झालं ना? मग आता मेल कशाला?"

मेल अशासाठी, की बँकेकडची परवानगी गेली तरी कंपनीच्या वहीत वर्गणी चालूच असते. उद्या ते थकबाकी दाखवू शकतात, वसुलीचे फोन करू शकतात, किंवा दुसरीकडे कार्डवर परवानगी असेल तर तिथून पैसे उचलू शकतात. म्हणून त्याच संध्याकाळी, १४ जूनला, आप्पांच्या ईमेलवरून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या पत्त्यावर हे पाठवलं:

"माझ्या या मोबाइल क्रमांकावर ३ मार्च रोजी सुरू झालेली वर्गणी आजपासून रद्द करावी. दरमहा ६९९ रुपयांच्या कपातीचं यूपीआय मॅन्डेट, UMN सोबत दिला आहे, मी आज १४ जून रोजी रद्द केलं आहे. कृपया खालील गोष्टी लेखी कळवाव्यात: वर्गणी कोणत्या तारखेपासून बंद झाली, हे मॅन्डेट तुमच्याकडेही बंद नोंदवलं आहे का, माझ्या नावावर, कार्डावर किंवा खात्यावर तुमच्याकडे दुसरं कोणतंही मॅन्डेट आहे का, यापुढे कोणतीही रक्कम आकारली जाणार नाही आणि माझ्याकडे काहीही येणं बाकी नाही. रद्द केल्याच्या तारखेनंतरची कोणतीही कपात माझ्या संमतीविना झालेली समजून मी बँकेकडे तक्रार करीन."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: आपली विनंती मिळाली आहे, आमची टीम लवकरच संपर्क साधेल. सोबत तक्रार क्रमांक. आप्पा खूश झाले. मी त्यांना म्हटलं, ही नुसती पोच आहे. तहसील कचेरीत अर्ज दिल्यावर शिक्का मारून मिळतो ना, तसा. काम झाल्याचा कागद वेगळा.

मग एका मुलीचा फोन आला. फार गोड बोलत होती. दोन महिने निम्म्या दरात देते म्हणाली. आप्पा सभ्य माणूस, त्यांना नाही म्हणवेना. मी फोन घेऊन सांगितलं, जे काही असेल ते मेलवर कळवा. फोनवर ‘बरं’ म्हटलेलंही उद्या संमती म्हणून दाखवता येतं. असा फोन आलाच तर तुम्हीही हेच एक वाक्य बोला.

१७ तारखेला त्याच मेलच्या साखळीत पुन्हा लिहिलं. २० तारखेला उत्तर आलं की वर्गणी रद्द केली आहे. मॅन्डेटबद्दल आणि येणं बाकीबद्दल चकार शब्द नाही. बहुतेक लोक इथे सोडून देतात. मी तीच चार कलमं पुन्हा चिकटवली आणि विचारलं, उरलेल्या तीन गोष्टींचं उत्तर कुठे आहे? २३ जूनला शेवटी हवं ते पत्र आलं. तारीख, UMN, दुसरं मॅन्डेट नाही, काहीही येणं नाही, पुढे आकारणी होणार नाही. पाच ओळींसाठी नऊ दिवस.

झालेले २,७९६ परत द्यायला त्यांनी नकार दिला. त्यासाठी आम्ही ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, वेगळी तक्रार नोंदवली आहे. वर्गणीच्या सापळ्यात अडकवणं ही गोष्ट केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये नाव घेऊन निषिद्ध ठरवली आहे. घेणं एका टिचकीवर आणि सोडणं मात्र मेलांच्या साखळीवर, हा त्या सापळ्याचाच नमुना. तक्रारीत तोच मुद्दा मांडलाय.

समजा रद्द केल्यानंतरही पैसे गेले असते, तर? मग प्रश्न बँकेचा होतो, कारण परवानगी मागे घेतल्यावर कपात व्हायलाच नको. बँकेकडे लगेच, शक्यतो तीन कामकाजाच्या दिवसांत, लेखी तक्रार करायची, Revoked चा स्क्रीनशॉट जोडायचा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं. तिथे आधी बँकेकडे तक्रार केल्याचा पुरावा मागतात.

हे सगळं यूपीआयवरच्या परवानगीचं झालं. ज्यांनी बँकेच्या फॉर्मवर सही करून किंवा नेट बँकिंगने परवानगी दिली असेल, त्यांच्या पासबुकात ACH किंवा NACH अशी अक्षरं दिसतील. तिथे UMN ऐवजी UMRN असतो. तो घेऊन शाखेत अर्ज द्यायचा, दोन प्रती न्यायच्या, एकीवर शिक्का घ्यायचा. "खात्यात पैसेच ठेवत नाही, आपोआप बंद होईल" असं करू नका. कपात परत गेली की बँक त्याचा दंड लावते आणि परवानगी तशीच जिवंत राहते. प्ले स्टोअरमधून घेतलेली वर्गणी तिथल्याच सबस्क्रिप्शनच्या यादीत जाऊन बंद करावी लागते.

आणि एक कळकळीने सांगते. कर्जाचा हप्ता आणि विम्याचा हप्ता यूपीआयच्या ऑटोपेच्या याच यादीत दिसतो. आप्पांच्या यादीत व्यायामाच्या अ‍ॅपखालीच त्यांच्या विम्याचं मॅन्डेट होतं. घाईत ते रद्द केलं असतं तर हप्ता चुकला असता. वर्षभराचा करार करून मासिक हप्त्याने भरायचं कबूल केलं असेल, तिथेही आधी कराराचा कागद वाचा, कारण परवानगी मागे घेतली म्हणून देणं संपत नाही.

९ जुलैला मी मुद्दाम फोन केला. "आप्पा, मेसेज आलाय का बघा." आला नव्हता. ११ तारखेला ते बँकेत जाऊन पासबुक छापून आले. दहा तारखेची ओळ नव्हती. कंपनीचं पत्र मी त्यांना छापून दिलं होतं, ते त्यांनी गॅसच्या पुस्तकासोबत पत्र्याच्या पेटीत ठेवलंय. वर पेन्सिलीने UMN लिहिलाय, एकेक अक्षर सुटं.