तू डॉक्टर होणारच!

प्रवेशाचा हंगाम आला की आमच्या क्लासच्या सरांच्या अंगात जाहिरात संचारते. यंदा त्यांनी मजकूर स्वतः लिहून आणला: "तू डॉक्टर होणारच!" आणि हुकूम सोडला, "ज्यांना बायोलॉजी आवडतं, त्या दहावीच्या पोरांनाच दाखवा."

मी सांगितलं, "सर, अठराच्या आतल्या मुलांना फेसबुक-इन्स्टाग्रामवर आवडीनिवडीनुसार निवडता येत नाही. फक्त वय आणि ठिकाण. शिवाय फी पोरं भरत नाहीत."

फी हा शब्द सरांना लगेच पटतो. वय ३६ ते ५० केलं, जाहिरात पालकांकडे वळली. मजकूर बदलायचा मात्र दोघेही विसरलो. संध्याकाळी पहिली कमेंट आली: "आता कसला डॉक्टर होतोय, गुडघ्यांसाठी एखादा चांगला सांगा."

"तू"चं घाईघाईने "तुमचं मूल" केलं. दोन दिवसांत एकशेचाळीस लीड, म्हणजे जाहिरातीतला फॉर्म भरून नाव-नंबर देणारे! सरांनी पेढे मागवायचंच बाकी ठेवलं होतं. चौकशीच्या मॅडमनी फोन लावायला घेतले तेव्हा कळलं, निम्म्यांनी फोन उचललाच नाही आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांचं एकच उत्तर, "कसला फॉर्म? मी नाही भरला." खोटं नव्हतं ते. आम्ही जास्त संख्येचा फॉर्म निवडला होता. त्यात नाव आणि नंबर प्रोफाइलवरून आपोआप भरलेले असतात, दोनदा अंगठा पडला की झाला माणूस "इच्छुक". एका घरी तो अंगठा दीड वर्षाच्या नातवाचा होता. त्याच्या प्रवेशाला अजून वेळ आहे.

मग मी खऱ्या इच्छुकांचा फॉर्म लावला. त्यात पाठवण्याआधी माहिती पुन्हा तपासावी लागते. वर एक प्रश्न घातला, तोही हाताने लिहायचा: "मूल कोणत्या इयत्तेत आहे?" लीड तीसवर आले, पण त्यातले अकरा जण खरोखर बोलले आणि चार जण भेटायला आले. सरांना मात्र ते चार दिसेनात, गेलेले एकशेदहाच दिसत होते. रोज सकाळी नवा मजकूर, नवा फोटो. असा मोठा बदल केला की कुणाला दिसायचं हे जाहिरातीचं शिकणं पहिल्यापासून सुरू होतं, साधारण आठवड्यात पन्नासेक लीड मिळाले तरच त्याचं बस्तान बसतं, हे मी समजावलं. सर म्हणाले, "आपल्या क्लासची जाहिरात आणि तिलाच शिकायला इतका वेळ?"

शेवटची तक्रार सगळ्यात गंभीर होती. "माझ्या मोबाइलवर आपली जाहिरात दिसतच नाही! पैसे जातात कुठे?" सरांचं वय अठ्ठावन्न. जाहिरात पन्नासला थांबते म्हणूनच ती नीट चालली होती, पण हे सांगून उपयोग नव्हता. नोकरी जपायची म्हणून वयोमर्यादा पासष्टपर्यंत ताणली.

दुसऱ्या दिवशी नवी यादी आली. पहिल्याच लीडने इयत्तेच्या रकान्यात लिहिलं होतं, "सर्व". मॅडमनी नंबर फिरवला आणि शेजारच्या केबिनमध्ये सरांचा फोन वाजला.