‘कॅव्हेट’ या शब्दात सावध नेमके कोणी राहायचे?

घर किंवा जमीन घेताना कोणी फसले की ‘कॅव्हेट एम्प्टर’ हे लॅटिन शब्द हमखास निघतात, आणि बहुधा ते फसलेल्यालाच ऐकवले जातात. ‘कॅव्हेट’ हे मुळात क्रियापद आहे, तेही आपल्या विध्यर्थासारखे: ‘त्याने सावध राहावे’. ‘एम्प्टर’ म्हणजे विकत घेणारा. इंग्रजी कायद्यात रुजलेल्या या वचनाचा एक लांब पाठही आहे. त्याचा आशय असा, की खरेदीदाराने सावध राहावे, कारण आपण दुसऱ्याचा हक्क विकत घेत आहोत याविषयी त्याने अनभिज्ञ असता कामा नये. हा उत्तरार्ध सहसा गाळला जातो. मला मात्र तोच महत्त्वाचा वाटतो. भिंतीतली ओल पाहणे हा सावधगिरीचा सोपा भाग झाला. समोरचा माणूस जे विकतो आहे ते खरोखर त्याचेच आहे का, आणि त्यावर आणखी कोणाचा हक्क बसलेला आहे का, हे शोधणे हा अवघड भाग. (विक्रेत्याने विचारल्यावर खोटे सांगितले किंवा दोष मुद्दाम झाकला, तर या वचनाची ढाल त्याला मिळत नाही, हेही ते ऐकवणारे विसरतात.)

मालमत्तेच्या व्यवहारात हाच शब्द दुसऱ्या रूपातही भेटतो, आणि तिथे तो नाम झालेला असतो. रॉबर्ट टॉरेन्स यांच्या पुढाकाराने 1858 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात जमिनीच्या मालकीसाठी सरकारी नोंदवहीची पद्धत सुरू झाली. तिच्यात मालकी जुन्या दस्तांच्या साखळीवर नव्हे, तर नोंदीवर ठरते. पुढे न्यूझीलंड, सिंगापूर, मलेशिया अशा देशांतही ती पोहोचली. या पद्धतीत ज्याचा हक्क अजून नोंदलेला नाही, अशा माणसाने निबंधकाकडे दाखल केलेली सूचना म्हणजे ‘कॅव्हेट’. इथे सावध राहायचे ते खरेदीदाराने नव्हे, निबंधकाने: माझा या जमिनीत हितसंबंध आहे, मला कळवल्याशिवाय त्याला बाधक ठरेल अशी नोंद करू नका. न्यायालयात दाखल होणारी कॅव्हेट ही याहून वेगळी. ती ‘माझे ऐकून घेतल्याशिवाय आदेश देऊ नका’ असे न्यायालयाला सांगते. तिच्यामुळे जमिनीची विक्री थांबत नाही. या दोन्हींची गल्लत फार होते.

नोंदवहीतल्या कॅव्हेटची गरज पडते ती करार आणि नोंदणी यांच्यामधल्या काळात. त्या दिवसांत खरेदीदाराने पैसे दिलेले असू शकतात, पण वहीत नाव जुन्या मालकाचेच असते. 1917 साली ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने निकाली काढलेला बटलर विरुद्ध फेअरक्लफ हा खटला याच पोकळीतला आहे. गुड नावाच्या भाडेपट्टाधारकाने कर्जापोटी आपल्या पट्ट्यावर बटलरला बोजा लिहून दिला. बटलरने लगेच कॅव्हेट दाखल केली नाही. पुढच्या काही दिवसांतच गुडने तोच पट्टा फेअरक्लफला विकायचा करार केला. फेअरक्लफने वही तपासली, तिच्यात बटलरचा मागमूस नव्हता, म्हणून त्याने पैसे दिले. बटलरची कॅव्हेट आली ती त्यानंतर. त्याचा हक्क आधीचा असूनही न्यायालयाने फेअरक्लफला अग्रक्रम दिला, कारण बटलरने वहीत काहीच न लिहिल्यामुळे गुडची मालमत्ता मोकळी दिसत राहिली. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता.

मात्र कॅव्हेटने नवा हक्क निर्माण होत नाही, असलेला हक्क सिद्धही होत नाही. मालकाने हरकत घेतली तर दाखल करणाऱ्याला न्यायालयात आपला हितसंबंध दाखवावा लागतो. न्यू साउथ वेल्समध्ये कॅव्हेट रद्द होण्याची नोटीस बजावल्यावर ती टिकवण्याचा आदेश मिळवून नोंदवायला 21 दिवस मिळतात. सिंगापूरमध्ये नूतनीकरण न केल्यास ती 5 वर्षांनी संपते. केवळ अडवणुकीसाठी, विनाआधार दाखल केली, तर नुकसानभरपाई गळ्यात पडू शकते.

उलट बाजूने, वहीत कॅव्हेट दिसली नाही म्हणून खरेदीदाराने किंवा सावकाराने निर्धास्त व्हावे, असेही नाही. 1971 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या त्याच उच्च न्यायालयासमोर आलेल्या जस्ट होल्डिंग्ज विरुद्ध बँक ऑफ न्यू साउथ वेल्स या खटल्यात बँकेने गहाणखत नोंदले नव्हते आणि कॅव्हेटही दाखल केली नव्हती, पण मालकी प्रमाणपत्राची प्रत स्वतःच्या ताब्यात ठेवली होती. नंतर त्याच जमिनीवर कर्ज देणाऱ्या जस्ट कंपनीने वही तपासली आणि ती स्वच्छ आढळली. प्रमाणपत्र कुठे आहे असे विचारल्यावर, ते बँकेत सुरक्षिततेसाठी ठेवले आहे, असे मालकाने सांगितले. कंपनीने ते खरे मानले, बँकेला विचारले नाही, आणि अग्रक्रम बँकेलाच मिळाला.