पोस्टखाली काय लिहायचं?

कोपरखैरण्याला राहणाऱ्या आमच्या एका मित्राने मध्यंतरी इथे एक छोटी पोस्ट टाकली होती. रात्री तीनला जाग येते, छाती धडधडत राहते, मग उजाडेपर्यंत डोळा लागत नाही. ऑफिसात सगळं ठीक चाललंय, पण घरी आलं की कुणाशी एक शब्द बोलावासा वाटत नाही. शेवटी एवढंच: ‘कुठेतरी लिहावंसं वाटलं.’

खाली कमेंटची रांग लागली. इगतपुरीला विपश्यनेला जा. सूर्यनमस्कार घाल. बी-ट्वेल्व तपासून घे. झोपताना मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेव. एकाने तर अश्वगंधा कुठल्या कंपनीचं चांगलं तेही लिहिलं. यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता, आणि बी-ट्वेल्व तपासण्यात तर काहीच गैर नाही. पण त्या अख्ख्या पोस्टमध्ये प्रश्नचिन्ह कुठेच नव्हतं. त्याने कुणाला काही विचारलंच नव्हतं!

पुढचं त्याला विचारून लिहितेय. ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत.

मी आठवड्यातली एक संध्याकाळ एका हेल्पलाइनवर फोन घेते. तिथे बसण्याआधी जे शिकवतात त्यातला मोठा भाग काय बोलायचं नाही याचाच असतो. सल्ला तोंडाशी येतो त्याचं कारण बऱ्याचदा आपल्यातच असतं. समोरच्याचा त्रास ऐकून आपण अस्वस्थ होतो, ‘हे कर’ म्हटलं की आपली जबाबदारी संपते आणि आपल्याला बरं वाटतं. त्याला मात्र कळतं की विषय आवरता घेतला गेलाय. शिवाय तीनला जागं होणाऱ्या माणसाने मोबाईल लांब ठेवून पाहिलेला असतोच. तो सल्ला वाचून ‘तेही जमत नाही मला’ ही आणखी एक भर पडते.

मी पोस्टखाली काही लिहिलं नाही, मेसेज केला. चारचौघांत कमेंटला उत्तर देताना माणूस ‘हो हो, बरा आहे आता, थँक्स’ म्हणून मोकळा होतो. मेसेज असा होता: ‘पोस्ट वाचली. तीनला जाग आली की उजाडेपर्यंतचा वेळ एकट्यालाच काढावा लागत असेल. बोलावंसं वाटलं तर मी आहे. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.’

यात त्यानेच लिहिलेलं एक वाक्य परत ठेवलंय, म्हणजे नीट वाचलंय हे त्याला कळतं. आणि शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. मन खचलेलं असताना मेसेजला उत्तर देणं हेही काम होऊन बसतं. ‘काही लागलं तर सांग हं’ हे आपण सगळेच लिहितो, पण त्यात काय लागतंय ते शोधायचं, शब्दांत मांडायचं आणि वर मागायचं, हे सगळं त्याच्याच गळ्यात पडतं.

निळी टिक आली, उत्तर आलं नाही. इथे ‘रागावलास का?’ असं विचारायचं नसतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तर आलं: ‘काय बोलणार गं. कंटाळा आलाय.’

‘कसला कंटाळा?’ हा प्रश्न सरळ वाटतो, पण त्याला नीटनेटकं उत्तर लागतं. ‘का?’ तर त्याहून वाईट, तिथे लगेच बाजू मांडावी लागते. मी लिहिलं, ‘सगळ्याचाच कंटाळा आल्यासारखं.’ त्यावर तो लिहायला लागला. त्याच्या टीममधली माणसं कमी झाली होती, राहिलेल्यांवर दुप्पट काम होतं आणि वर फ्लॅटचा हप्ता. मला वाटलं, धरलं आपण. विचारलं, ‘नोकरीची भीती वाटतेय का?’

‘भीती नाही गं. लाज वाटते.’

माझा अंदाज साफ चुकला होता आणि त्याने काही बिघडलं नाही. अंदाज प्रश्नासारखा, थोडा सैल हातानं ठेवला की समोरचा तो दुरुस्त करतो, आणि दुरुस्त करताना स्वतःलाही नेमकं काय ते सापडतं. ‘तू घाबरलायस’ असं ठोकून सांगितलं असतं तर तो बहुतेक ‘हो, असेल’ म्हणाला असता.

लाज कशाची, हे मी विचारलं नाही. फक्त ‘लाज…’ एवढंच लिहिलं. मग हळूहळू आलं ते असं: महापेहून घरी पोचल्यावर तो बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये बाइकवरच बसून राहतो. हेल्मेटसुद्धा काढत नाही, म्हणजे ओळखीचं कुणी आलं तरी बोलावं लागत नाही. कधीकधी अर्धा तास. वर गेलं की बायको विचारणार, कसा गेला दिवस, आणि छान गेला म्हणावं लागणार. पोस्टही तिला दिसणार नाही अशी सेटिंग करून टाकली होती.

त्या कमेंटमध्ये ‘घरच्यांशी मोकळेपणाने बोल’ हा सल्ला तिघाचौघांनी दिला होता. ऐकायला किती शहाणा सल्ला, आणि नेमका त्याच जागेवर बोट ठेवणारा जिथे तो अडकला होता.

आपल्याकडे आणखी एक खोड आहे. ‘मला पण असंच झालं होतं’ म्हणून आपली कथा सुरू करायची. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स डर्बर यांनी साध्या गप्पांचा अभ्यास करून उत्तरांचे दोन प्रकार सांगितले होते: एक बोलणं स्वतःकडे वळवणारं, दुसरं समोरच्याकडेच ठेवणारं. एकदा हे कळलं की आपले सगळे व्हॉट्सअॅप ग्रुप वेगळेच दिसायला लागतात. ‘माझीही झोप गेली होती’ हे वाक्य चालतं, पण त्यानंतर थांबून ‘तुझं कसं होतं, सांग’ म्हणून चेंडू परत द्यायला हवा. आपण सहसा तिथून आपल्या ॲसिडिटीवर जातो.

मेसेजवर किती दिवस बोलणार? एका रविवारी मी ट्रान्स-हार्बर लोकलने वाशीला गेले आणि आम्ही सागर विहारला नुसते चालत राहिलो. समोरासमोर बसलं की नजर चुकवावी लागते, शेजारी चालताना ती अडचण नसते. मधेच तो बराच वेळ गप्प झाला. अशा वेळी घाईघाईने काहीतरी बोलून ती जागा भरू नये असं शिकवलेलं असतं आणि ते शिकूनही अवघडच जातं. मी मनात आकडे मोजत होते. मग तोच म्हणाला, ‘डॉक्टरकडे जावं की काय असं वाटतंय.’

आता मात्र सल्ला द्यायची आयती संधी होती. ‘जाच!’ म्हटलं असतं तर तो ‘बघू’ म्हणाला असता. त्याऐवजी विचारलं, ‘जावंसं वाटतंय, मग काय अडतंय?’ तर हसून म्हणाला, ‘ठाण्याला भरती करतील.’

मी ठाण्याचीच. हा विनोद ऐकतच मोठी झाले. आमच्याकडचं मनोरुग्णालय १९०१ सालचं आहे आणि तेव्हापासून ‘याला ठाण्याला पाठवा’ हे अख्ख्या महाराष्ट्राला तोंडपाठ. त्याच ठाण्यात मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून चालू आहे, तिथे साधी नोकरीधंद्यातली माणसं रोज येऊन बोलून जातात, हे मी त्याला सांगितलं. पण ते त्याने ‘तिथे काय होतं गं?’ असं विचारल्यावर. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंच असतं. न विचारता सांगावंसं फारच वाटलं तर आधी एक वाक्य पुरतं: ‘नुसतं ऐकू, की मला काय वाटतं ते सांगू?’ बहुतेक लोक याचं अगदी स्पष्ट उत्तर देतात.

एका ठिकाणी मात्र नुसतं ऐकत राहायचं नसतं. ‘मी नसलो तर सगळ्यांचं बरं होईल’, ‘आता सगळं संपवावं’ असलं काही आलं, किंवा माणूस अचानक वस्तू वाटून टाकायला, निरोपाचं बोलायला लागला, तर सरळ विचारायचं: ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने डोक्यात ते भरेल ही भीती सगळ्यांना असते. या विषयावरच्या संशोधनात तसं आढळलेलं नाही, उलट विचारल्यावर माणसाला हायसं वाटतं असाच फोनवरचा अनुभव आहे. उत्तर ‘हो’ असेल तर पुढचा प्रश्न कसं आणि कधी ठरवलंय का, हा. ठरवलं असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, घरातल्या एकाला कळवायचं आणि तातडीची वेळ असेल तर ११२. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. तुम्ही स्वतः गोंधळलात तरी तिथे फोन करू शकता.

मित्राला मी हा प्रश्न त्या रविवारीच विचारला. ‘मरावंसं वाटत नाही, गायब व्हावंसं वाटतं’ म्हणाला. हा फरक त्याने स्वतः करून सांगितला आणि मी तो तसाच ऐकला, पण पुढच्या आठवड्यात परत विचारलं. एकदा विचारून सोडून द्यायची ही गोष्ट नाही.

आणि हो, ऐकणाऱ्यानेही आपलं माप आधीच सांगून ठेवावं. मी त्याला सांगितलं होतं की रात्री अकरानंतर माझा फोन बंद असतो, मेसेज टाकून ठेव, सकाळी वाचते. ‘कधीही फोन कर’ म्हणून तिसऱ्या रात्री कंटाळून फोन न उचलणं जास्त लागतं. त्यानंतर तो कधीकधी पहाटे चारला मेसेज टाकायचा, मी सातच्या चहाबरोबर वाचायचे. बऱ्याचदा उत्तर फक्त ‘वाचलं. आजची रात्र लांब गेली दिसतेय’ एवढंच.

पुढे त्याने बायकोला कसं सांगितलं, डॉक्टरकडे कोण सोबत गेलं, हे त्याचं आहे, त्याला वाटलं तर तो लिहील. तोवर तुमच्यापैकी ज्यांनी त्या दिवशी त्याच्या पोस्टखाली लिहिलं आणि नंतर विसरून गेलात, त्यांनी आज इथे कमेंट करण्याऐवजी त्याला एक मेसेज टाकलात तरी चालेल. अश्वगंधाचं नाव त्याच्याकडे आहे.