विषय क्रमांक सात : रस्त्यातला खांब

जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, ते माझी भाषा चांगली आहे म्हणून नव्हे, तर आधीच्या भाऊसाहेबांची बदली झाली त्या दिवशी मी रजेवर होतो म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१७ च्या निकालात प्रत्येक जिल्ह्यात अशी समिती असलीच पाहिजे आणि तिने वेळच्या वेळी बसलेच पाहिजे असे बजावले आहे. आमच्या जिल्ह्यात ती बसते, याबद्दल कोणालाही तक्रार करता येणार नाही. जिल्हाधिकारी अध्यक्षस्थानी, डाव्या हाताला पोलीस आणि परिवहन, उजव्या हाताला बांधकाम विभाग, मग जिल्हा परिषद, महामार्ग, आरोग्य, एसटी, नगरपरिषदांचे मुख्याधिकारी, आणि अगदी टोकाला, जिथे वातानुकूलनाचे पाणी ठिबकते तिथे, मी.

आमच्या कार्यसूचीवर विषय क्रमांक सात बराच काळ मुक्कामाला होता. तालुक्याच्या गावाबाहेर पडणारा साडेपाच मीटरचा रस्ता रुंद करून दहा मीटरचा केला गेला, तेव्हा जो विजेचा खांब पूर्वी रस्त्याच्या कडेला शहाण्यासारखा उभा होता, तो जागचा न हलता डांबराच्या आत सुमारे दीड मीटर येऊन उभा राहिला. ठेकेदाराने त्याच्याभोवती डांबर इतके सफाईने गोल फिरवले होते की खांब आधी उगवला की रस्ता, असा प्रश्न पडावा. पुढे कोणीतरी कर्तव्यबुद्धीने त्याला पिवळे-काळे पट्टे मारले आणि वर चकाकणारी पट्टी चिकटवली, त्यामुळे रात्री तो लांबूनही दिसू लागला; हटवण्याची निकड तेवढ्या प्रमाणात कमी झाली.

हा खांब एकाच विभागाचा असता, तर तो विषय क्रमांक सात झालाच नसता. खांब वीज कंपनीचा होता, त्याच्यावरचा दिवा नगरपरिषदेचा होता, पायाखालची जमीन बांधकाम विभागाची होती, शेजारून जाणारी पाण्याची वाहिनी पुन्हा नगरपरिषदेची, पण दुसऱ्या खात्याची होती, आणि खांबाला लटकलेल्या केबलच्या भेंडोळ्याला कोणीच वाली नव्हता. मधोमध वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एक फलक होता. त्याच्या मालकीविषयी कोणत्याही विभागाने बैठकीत अवाक्षर काढले नाही.

पहिल्या बैठकीत परिवहन अधिकाऱ्यांनी हा अपघातप्रवण स्थळांचा विषय आहे का, असे विचारले. त्याचा निकष ठरलेला आहे. साधारण पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा एकूण दहा मृत्यू. तेवढे झाले की ते स्थळ यादीत जाते आणि यादीत गेले की निधी मागता येतो. आमच्या खांबाच्या नावावर दुचाकींची काही खरचटणी आणि एका टेम्पोचा आरसा एवढीच कामगिरी होती. पोलीस निरीक्षकांनी नोंदवही चाळून तो अपात्र असल्याचे सांगितले आणि तसे सांगताना आपण नेमके काय बोलतो आहोत हे त्यांच्या ध्यानात आल्यामुळे ते मध्येच थांबले. जिल्हाधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. मी इतिवृत्तात लिहिले, ‘निकषांबाबत चर्चा झाली.’

आणि त्याखाली, रूढ पद्धतीप्रमाणे, ‘सर्व विभागांनी समन्वयाने तातडीने कार्यवाही करावी,’ असे लिहिले. हे वाक्य कोणालाही दुखवत नाही, कोणाच्याही नावे पडत नाही आणि पुढच्या बैठकीपर्यंत खराबही होत नाही. पुढच्या बैठकीत अनुपालन अहवाल आले. बांधकाम विभागाने ‘वीज कंपनीस पत्र दिले’ असे कळवले, वीज कंपनीने ‘पत्र प्राप्त, मागणीपत्र निर्गमित’ असे कळवले, नगरपरिषदेने ‘खांब हटताच दिवा हटवण्यात येईल’ असे कळवले. तिन्ही अहवाल खरे होते. बाजूच्या रकान्यात तिघांच्याही समोर ‘कार्यवाही सुरू’ असे लिहिण्यावाचून मला गत्यंतर नव्हते.

त्यातून एक बारीक अडचण अशी की, वीज कंपनी आमच्या समितीची कायम सदस्यच नव्हती. ती निमंत्रित होती. निमंत्रिताचा मान मोठा असला तरी त्याच्यावर बंधन काही नसते, आणि ज्यांनी यायला हवे ते कार्यकारी अभियंता वसुलीच्या दौऱ्यावर असल्याने बैठकीला दर वेळी निराळा कनिष्ठ अभियंता येत असे. तो मुलगा हुशार असे, नम्र असे, वहीत सर्व उतरवून घेत असे आणि शेवटी ‘वरिष्ठांच्या निदर्शनास आणून देतो, साहेब,’ असे म्हणत असे. वरिष्ठांच्या निदर्शनास ते आलेच असेल. पण पुढच्या वेळी येणारा मुलगा दुसराच असल्यामुळे विषयाची सुरुवात ‘हा खांब नेमका कुठे आहे?’ येथूनच होई.

मग संयुक्त पाहणी ठरली. संयुक्त पाहणीत चार गाड्या येतात आणि रस्ता आणखी अरुंद होतो. बांधकाम विभागाच्या उपअभियंत्यांनी आपली टेप काढली, वीज कंपनीच्या अभियंत्याने आपली काढली. टेपा दोन्ही बरोबर होत्या. मात्र एकाने नव्या रस्त्याच्या मध्यापासून मोजले आणि दुसऱ्याने, त्याच्याकडच्या नकाशाप्रमाणे, जुन्या रस्त्याच्या मध्यापासून. रुंदीकरण दोन्ही बाजूंना सारखे झालेले नव्हते, त्यामुळे दोन मध्यांत हातभर अंतर पडले होते, आणि त्या हातभराने नवा खांब कधी गटारात तर कधी चहावाल्याच्या ओट्यात जात होता. ओटा हद्दीत आहे की हद्दीबाहेर, हे सांगणार भूमी अभिलेख कार्यालय, त्यांच्या मोजणीची ‘क’ प्रत आल्यावर. ते पाहणीला आले नव्हते, कारण त्यांना पत्र गेले नव्हते. ते का गेले नव्हते, तर पाहणी रस्ते सुरक्षेची होती, मोजणीची नव्हती. ओट्याच्या मालकाने मात्र सर्वांना चहा पाजला आणि पैसे घ्यायला नकार दिला. हद्दीचा मुद्दा त्यानंतर जरा सौम्य भाषेत चर्चिला गेला.

आता खरी गोम सांगतो. एक खांब उपटून चार मीटर सरकवणे हे एका सकाळचे काम आहे. अडते ते खर्चावर, लग्नात वाजंत्र्यांचे बिल मुलीकडच्यांचे की मुलाकडच्यांचे यावर अडावे तसे. रस्त्यासाठी खांब हलवायचा तर पैसे रस्त्याच्या कामातून यायचे, आणि रस्त्याच्या अंदाजपत्रकात तशी तरतूद होतीही. खर्चाच्या वाटा दोन. एक, वीज कंपनीकडे सगळी रक्कम भरायची आणि काम तिनेच करायचे. दुसरी, रस्त्याच्या ठेकेदाराने परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून काम करून घ्यायचे आणि कंपनीला फक्त १.३ टक्के पर्यवेक्षण शुल्क भरायचे. बांधकाम विभाग दुसरी वाट धरून बसला होता आणि कंपनीने मागणीपत्र पहिल्या वाटेचे पाठवले होते. शिवाय ते ज्या पत्त्यावर गेले, त्या इमारतीत आमच्याच बांधकाम खात्याचा दुसरा विभाग बसतो. त्यांनी ते ‘या कार्यालयाशी संबंधित नाही’ असा शेरा मारून, अत्यंत व्यवस्थितपणे, आपल्याच धारिकेत लावून ठेवले. मध्ये ३१ मार्च येऊन गेला, नवे दर लागू झाले आणि जे मागणीपत्र कोणी नीट वाचलेही नव्हते, ते कालबाह्य झाले.

याच सुमारास चहावाल्याच्या शेजारच्या एका निवृत्त गुरुजींनी महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणाऱ्या लोकशाही दिनात अर्ज टाकला. अर्ज नगरपरिषदेकडे गेला. तिने ‘खांब वीज कंपनीचा’ असे कळवून तो निकाली काढला. कंपनीने ‘रस्ता बांधकाम विभागाचा’ असे कळवून निकाली काढला. आमच्या कार्यालयाने ‘विषय रस्ता सुरक्षा समितीपुढे प्रलंबित’ असे कळवून निकाली काढला. गुरुजींच्या एका अर्जावर जिल्ह्याच्या मासिक तक्त्यात तीन तक्रारी निकाली निघाल्याची नोंद झाली. असे आणखी दोन-चार खांब रस्त्यात असते, तर आमचा जिल्हा विभागात पहिला आला असता.

गाठ सुटली ती अगदी अनपेक्षित रीतीने. नव्याने आलेल्या जिल्हाधिकारी मॅडमनी विषय क्रमांक सातवर ‘का झाले नाही?’ हा प्रश्न विचारलाच नाही. तो विचारला असता तर उत्तरे तयार होती, आणि ती पाऊण तास पुरली असती. त्यांनी विचारले, “पैसे कोण भरणार?” आणि पाठोपाठ, “किती तारखेला?” सभागृहात विलक्षण शांतता पसरली. मग त्यांनी वीज कंपनीच्या कार्यकारी अभियंत्यांना दूरध्वनी लावून तो ध्वनिवर्धकाजवळ ठेवला, आणि वसुलीच्या दौऱ्यावरून त्या गृहस्थांनी १.३ टक्क्यांची वाट दोन मिनिटांत मान्य केली. त्यांची हरकत कधी नव्हतीच. त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

“भाऊसाहेब, इतिवृत्तात विभाग लिहू नका, पदनाम लिहा. आणि प्रत्येक पदनामासमोर एकच काम आणि एकच तारीख,” मॅडम मला म्हणाल्या.

मी लिहिले. उपअभियंत्यांनी शुल्क भरावे, अमुक तारीख. सहायक अभियंत्यांनी देखभालीच्या ठरलेल्या दिवशी वीजपुरवठा बंद ठेवावा, अमुक तारीख. मुख्याधिकाऱ्यांनी त्याच सकाळी शिडीची गाडी पाठवून दिवा उतरवावा. भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांनी त्याआधी हद्द दाखवावी. सही होऊन कागद त्याच संध्याकाळी रवाना झाला; एरवी इतिवृत्त पुढच्या बैठकीच्या आदल्या दिवशी जाते, म्हणजे ते वाचून काही करायला कोणाला उसंतच राहू नये. ज्यांची पदनामे त्यात होती, त्या चौघांचेही मला दूरध्वनी आले आणि चौघांचेही म्हणणे एकच होते, “आमच्या जागी ‘संबंधित विभाग’ असे करता येईल का?”

ठरलेल्या दिवशी मी मुद्दाम गेलो. हद्द मोजून निघाली, तेव्हा ओटा वाचला आणि गटाराची कड गेली. दिवा उतरला, तारा सुटल्या, आठ मीटरचा सिमेंटचा खांब क्रेनच्या पट्ट्यात हेलकावत बाहेर निघाला आणि नवा खांब दुपारच्या जेवणाआधी उभा राहिला. गुरुजींनी पेढे वाटले. जुना खांब कडेला आडवा ठेवला होता, कारण काढलेले साहित्य वीज कंपनीच्या भांडारात जमा करावे लागते, भांडारासाठी पावती लागते, पावतीसाठी वाहन लागते, आणि वाहनाचा खर्च पर्यवेक्षणात येतो की कामात, याविषयी १.३ टक्के काहीच सांगत नाहीत. काम करणाऱ्या ठेकेदाराने तो आपला नव्हे असे सांगितले, कंपनीने तो जमा होईपर्यंत आपला नव्हे असे सांगितले.

पुढच्या बैठकीत विषय क्रमांक सात वगळण्यात आला. विषय क्रमांक अकरा नव्याने घेतला आहे : ‘रस्त्याच्या कडेला आडव्या पडलेल्या खांबामुळे वाहतुकीस होणारा अडथळा.’ वीज कंपनीकडून एक नवा कनिष्ठ अभियंता आला होता. त्याने वही उघडली आणि खांब नेमका कुठे आहे, असे विचारले.