दहा सेकंदांचा घास

भाचीला कॉलेजच्या शॉर्टफिल्मसाठी दहा सेकंदांचा शॉट हवा होता. माणूस चमच्याने उकडलेला बटाटा खातो, वर पाण्याचा घोट घेतो, बस्स. "मामा, तुला अभिनय करायचाच नाहीये, नुसतं खायचंय." बावन्न वर्षांचा अनुभव गाठीशी असल्यामुळे मी लगेच हो म्हणालो.

पहिल्याच टेकला ती ओरडली, "तू स्वतःला औषध पाजतोयस!" खरंच होतं. एरवी चमचा निम्म्या वाटेवर येतो न येतो तोच मान थोडी खाली झुकते आणि तोंड आधीच उघडलेलं असतं. कॅमेऱ्यासमोर मात्र मान ताठ राहिली, चमचा सगळी वाट एकटाच चालून आला आणि बंद ओठांवर थडकला. बटाटा शर्टावर.

मग चावणं. मी जबडा वर-खाली, वर-खाली केला. भाचीने रेकॉर्डिंग दाखवलं, तर कळसूत्री बाहुली जेवत होती. खरा जबडा जरा आडवाही सरकतो, दळल्यासारखा, आणि घास बहुतेक एकाच गालात रमतो. माझा उजवा गाल लाडका आहे, हे मला त्या दिवशी कळलं. ते कळल्यावर तोही बिथरला.

पण खरा दगा गिळण्याने दिला. घास जिभेने मागे ढकलेपर्यंत कारभार आपल्या हातात असतो. पुढचं घसा परस्पर उरकतो: कंठमणी वर उडी मारतो, श्वास क्षणभर थांबतो, श्वासनलिकेचं दार मिटतं. जेमतेम एका सेकंदाचं काम. आता धास्तीने तोंडाला कोरड पडलेली, आणि लाळेशिवाय पिठूळ बटाटा हलेना. मी चक्क गिळल्याचं नाटक केलं.

"मामा, गिळलंस?"

"हो."

"कंठमणी जागचा हलला नाही."

"हलला की!" एवढं म्हणायला आणि घास खरोखर निघायला एकच गाठ पडली. पुढची चार मिनिटं मी खोकत होतो. तिने तेही शूट केलं. ते मात्र फार नैसर्गिक आलं म्हणे.

पाण्यासाठी आधी तिने रिकामा ग्लास दिला होता, सांडायला नको म्हणून. पण रिकामा ग्लास भलताच भरकन वर येतो. वजन नसलं की मनगट खोटं बोलतं. म्हणून पाणी भरलं. तुकडे निम्मे केले, सहा-सातदा चावलं की गिळण्याजोगे होतील असे. अकराव्या टेकला सगळं जुळलं. मान झुकली, गाल रमला, कंठमणीही उडाला. मी विजयी मुद्रेने तिच्याकडे पाहिलं.

ती फोनच्या स्क्रीनकडे बघत होती. "मामा, आधीच्या शॉटमध्ये ग्लास अर्धा होता. आता काठोकाठ आहे." मग हलक्या आवाजात, "अजून भूक आहे ना रे?"